दादाला न मिळालेली सूट

गेल्या डिसेंबरात अकोल्यातल्या सीए बाईंनी मला सांगितले की, माझ्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर माझ्या भावाला करसवलत मिळूच शकत नाही. तोपर्यंत तीन वर्षे त्या कर्जाचा हप्ता भाऊच भरत होता.

पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी ते कर्ज घेतले होते. कर्जदार मी, सहकर्जदार बाबा. बाबांचे उत्पन्न शेतीचे, त्यावर आयकर नाही. अकोल्यात वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा हप्ता मी भरणार होते. दादा अमरावतीला शिक्षक. त्याने आधीच बँकेत जाऊन हप्ता स्वतःच्या पगार खात्याला जोडला होता.

"तू कावून भरतं? तुले टॅक्सच नाई लागत," तो म्हणाला होता. "मी वीस टक्क्यात बसतो. व्याजाचे हजार भरले का सेस धरून दोनशे आठ वाचतात. तू भरशीन तं ते सरकारले जातीन."

हिशेब बरोबर वाटला. म्हणून मी हप्ता त्याच्याकडेच राहू दिला. दर एप्रिलला त्याचा फोन यायचा, "बाई, ते सर्टिफिकेट पाठव." मग मी बँकेतून व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवणारा दाखला काढून त्याला पाठवायची. स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या कर्जाचा तसाच दाखला तो स्वतः काढायचा. बांधकाम पूर्ण झाल्याचा कागद, मंजुरीपत्र, हप्त्यांच्या नोंदींचे पासबुक, सगळे एका पिशवीत. त्याचे घर बांधून झाले होते, पण वरच्या खोल्यांना गिलावा नव्हता. दोन हप्ते गेले की उरलेल्या पगारात गिलावा बसत नव्हता. वहिनी तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायची आणि त्याला माळा म्हणायची.

सीए बाईंकडे मी माझ्या कामासाठी गेले होते. ऑफिसने विचारले होते, जुनी करपद्धत की नवी. बोलता बोलता कर्जाचा विषय निघाला.

"सूट भाऊ घेतो? कशी?" त्या म्हणाल्या. "स्वतःच्या, नवरा-बायकोच्या, मुलांच्या शिक्षणासाठी आपण घेतलेलं कर्ज पाहिजे. कायदेशीर पालक असाल तर त्या विद्यार्थ्याचं चालतं. बहीण त्यात येत नाही. आणि कर्ज तर त्यांच्या नावावरच नाही."

"मग मी भरलं तर?"

"तुम्हाला मिळेल. फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं. पण जुन्या पद्धतीत. तुमच्या पगाराला नव्या पद्धतीत करच नाही, तर सूट घेऊन करता काय?"

दादाने तीन वर्षे चुकीचा दावा केला असेल तर कर, व्याज आणि वर नोटीस, एवढेच माझ्या डोक्यात होते. रविवारी मी अमरावतीला गेले. तो अंगणात स्कूटर धूत होता.

"दादा, माझ्या कर्जाची सूट तू रिटर्नमध्ये दाखवली?"

"नाई."

"मग?"

"शाळेतल्या बाबूनं पयल्याच साली कागद वापस देल्ला. म्हणे, सर, बहिणीचं चालत नाई." त्याने चाकावर पाणी मारले. "मंग काय दाखवतो? फक्त घराच्या कर्जाचं दाखवलं."

"मग दर वर्षी दाखला कशाला मागत होतास?"

"नाई मांगतला असता तं तू लगेच हप्ता भराले पळाली असती."

वहिनी दारात उभी होती. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, सांगा तिले. तं म्हणे, पोरगी पत्रकार आहे, बातमी करीन."

"आता हप्ता मी भरते," मी म्हणाले. दादा मग वाद घालू लागला. यंदा त्याने नवी पद्धत निवडली होती. पगार बारा लाख पंचाहत्तर हजारांच्या आत असल्याने त्याला कर शून्य होता. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट त्या पद्धतीत नाही, पण आता तिची गरजही नव्हती.

"तुले सूट नाई, मले बी नाई. हिशेब बराबर. मंग मीच भरतो."

"सूट नाही म्हणजे व्याज पूर्ण अंगावर. तुझ्या घराचंही. माझा हप्ता सुटला तर तेवढे पैसे तू घराच्या मुद्दलात टाकू शकतोस. त्या मुद्दलावरचं पुढचं व्याजच लागणार नाही."

"बहिणीच्या शिक्षणाचा पैसा वाचवून माह्या घरात टाकू?"

"माझं शिक्षण आहे. कर्ज माझ्या नावावर आहे."

"लय बोलाले लागली," तो वहिनीला म्हणाला.

"शिकवलं कोनं?" वहिनी म्हणाली.

सोमवारी सकाळी तो माझ्यासोबत बँकेत आला. त्याच्या खात्यातून हप्ता कापण्याची सूचना रद्द करायला त्याची सही लागत होती. सही करण्यापूर्वी त्याने अधिकाऱ्याला विचारले, "इचा पगार वेळेवर नाई झाला तं?" अधिकारी म्हणाला, हप्ता चुकला की दंड लागेल. दादाने माझ्याकडे पाहिले. मग सही केली.

जानेवारीचा हप्ता माझ्या अकोल्याच्या खात्यातून गेला. त्याच महिन्यात दादाने तेवढीच रक्कम घराच्या कर्जाच्या मुद्दलात भरली.