अठरा रुपये बारा आण्यांचं पत्र

जिल्हा लोकल बोर्डाची निवडणूक धानोऱ्याच्या झिपरू पाटलानं जिंकली, गुलाल उधळला, मिरवणूक काढली. फक्त नंदुरबारच्या गिरधरचं छपाईचं बिल द्यायचं तेवढं राहिलं.

गिरधर एकटाच छापखाना चालवायचा. अक्षरांचे खिळे जुळवायचे, पाय मारून यंत्र फिरवायचं, कागद वाळवायचे, सगळं त्यानंच. पाटलाची दोन हजार हस्तपत्रकं त्यानं दोन दिवसांत काढून दिली होती. "गरिबांचा कैवारी" असा त्यात पाटलाचा उल्लेख होता. पाच महिन्यांत या कैवाऱ्यानं गिरधरची दोन पत्रं गिळली.

तिसरं पत्र त्यानं रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं.

"रा. रा. झिपरू पाटील यांस सा. न. वि. वि. आपणांकडे बिल नं. ४१ चे रु. १८-१२ येणे आहे. मुदत टळून चार महिने झाले. गुरुवारी सकाळी भेटीस वेळ द्यावा. हिशेबात शंका असल्यास बिल व मंजूर प्रूफ घेऊन येतो. त्या दिवशी निकाल न लागल्यास पुढे उधारीवर काम घेता येणार नाही. कळावे."

पोचपावती आली. उत्तर नाही. गुरुवारी गिरधर धानोऱ्याला पोहोचला तेव्हा पाटील ओट्यावर चार माणसांत बसला होता. बोर्डाचा सभासद झाल्यापासून तो टोपी घरातही काढत नसे.

"बिल कसानं? 'जनसेवक'ना जागे 'जनशेवक' छापं तू," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी चूकना पैसा देत नही."

गिरधरनं पिशवीतून छपाईआधी पाटलाकडे तपासायला दिलेलं प्रूफ काढलं. त्यावर छापील 'से' खोडून कुणी तरी मोठ्या दिमाखात 'शे' केलेला होता, आणि खाली 'मंजूर' म्हणून सही.

"हाई सही कोनी शे, पाटील?" त्यानं आवाज न चढवता विचारलं.

ओट्यावरच्या माणसांनी कागद हातोहात फिरवला. एकाला खोकला आला, पण तो खोकला नव्हता. स्वतःचं विशेषण ज्याला धड लिहिता येत नव्हतं तो आता जिल्ह्याच्या शाळांचा कारभार बघणार होता. गिरधरला राग आला नाही. इतक्या हलक्या माणसावर राग तरी किती खर्च करायचा, असं त्याला वाटलं.

आतून पाटलाची बायको दगूबाई पैसे घेऊन आली. "देई टाका त्याले. आखो किती लाज काढशात?"

पाटलानं नाणी ओट्यावर टाकली. गिरधरनं ती निवांत उचलली, मोजली, 'पूर्ण पोचले' अशी पावती लिहून दिली.

"तो कागद माले दी दे," पाटील पुटपुटला.

"पावती तुमनी, पाटील. प्रूफ छापखानानं."

पुढे पाटलाच्या सत्काराच्या पत्रिका धुळ्याला छापल्या गेल्या. तिथलं बिल दिलं की नाही, ते गिरधरनं कधी विचारलं नाही.