तंबोऱ्यात मिसळलेला षड्ज

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा तो नाद अजून कानात आहे. पितळी, दाट, बंद खोलीत अडकलेल्या भुंग्यासारखा. कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरी जाऊबाईंचे गाणे मोबाइलवर टिपताना ती तंबोऱ्याची पेटी मीच मोबाइलला चिकटवून ठेवली होती. चित्रफितीत भुंगा पुढे होता आणि गाणारी मागे.

शहराच्या लश्कर भागातल्या दोन संगीतशाळांची तेव्हा एक शाळा होणार होती. गायनाच्या शिक्षिका दोन, त्यांतल्या एक जाऊबाई; जागा एक. बाहेरगावचे परीक्षक चित्रफीत पाहून निवड करणार होते. पुन्हा टिपावे, तर जाऊबाईंना सर्दीने गाठले होते आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

“काढून टाकते तंबोरा,” मी म्हणाले. कवितावाचनांची ध्वनिमुद्रणे मी घरीच स्वच्छ करीत असे. जिथे नुसता नको असलेला नाद आहे असा तुकडा संगणकाला ऐकवायचा. मग तो तेवढाच नाद सगळीकडून वजा करतो. मी आरंभीचा तुकडा दिला. भुंगा नाहीसा झाला आणि नीट न ऐकताच मी म्हणाले, “वहिनी, सुरेख झालंय.”

त्यांनी हेडफोन लावून डोळे मिटले.

“अगं, तानेपर्यंत ठीक आहे. पण सा वर आले की आवाज रजाईत गुंडाळल्यासारखा येतोय. मेरा गला बैठ गया था क्या त्या दिवशी?”

“नाही हो.”

“खरं सांग. वयामुळे उतरलाय का? मला घरात कोण सांगणार?”

मी आरंभ पुन्हा ऐकला. बंदिशीआधी, ओठ मिटून, त्या आपला षड्ज तंबोऱ्यात मिसळीत होत्या; रोजच्या रियाजासारख्याच, इतक्या हळू की दुधात साखर. त्यांचाच सूर मी नको असलेला म्हणून दाखवला होता.

मी तसे सांगितले.

“म्हणजे माझा सा कचऱ्यात टाकलास?” त्या हसल्या. मला हसता आले नाही.

गाणे संपल्यावर त्यांनी हात जोडले होते आणि पेटी बंद करायचे कुणालाच सुचले नव्हते. तिथे तंबोरा खरोखर एकटा होता. तो तुकडा घेतला. या वेळी नाद पुसला नाही, नुसता उतरवला, तोही कंपनांच्या खालच्या पट्ट्यांतच. जिथे आवाजाची झळाळी असते त्या वरच्या पट्ट्यांना हात लावला नाही. तंबोरा गायिकेच्या मागे जाऊन बसला. त्याच्याच स्वरावर उभा असलेला तिचा षड्ज पुन्हा उजळला.

त्यांनी ऐकले. सा आला तेव्हा मान किंचित हलली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकत नव्हते. खिडकीतले ऊन उतरत होते. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“पाठव.”