इतिवृत्तात मी खोटं लिहिलं नाही

तहसील कचेरीतली नोकरी संपवून मी नगरमधल्या सोसायटीत राहायला आले आणि दुसऱ्याच वर्षी सेक्रेटरी झाले. कुणालाच ते काम नको होतं. चेअरमन मात्र जुनेच, निवृत्त ठेकेदार. सगळं आपल्या मनासारखं व्हायची त्यांना सवय.

वार्षिक सभेची नोटीस मी पूर्ण चौदा दिवस आधी, विषयपत्रिकेसह, प्रत्येक घरी सही घेऊन दिली. चोवीस सभासद, म्हणजे कोरम सोळाचा. रविवारी दहा वाजता मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आले तेव्हा खुर्च्यांवर नऊच जण.

"मॅडम, सोळा लिहून टाका," चेअरमन म्हणाले. "बाकीच्यांच्या सह्या घरी जाऊन घेऊ."

"नाही लिहिणार. अर्धा तास थांबू. नाही आले तर नोटिशीत लिहिल्याप्रमाणे सभा तहकूब, आणि अकराला परत भरवू. तेव्हा कोरम लागत नाही."

ते हसले. मला वाटलं, चिडतील. हसण्याचं कारण अकरानंतर कळलं: कोरम नको, म्हणजे मोजक्या हातांवर हवं ते उरकता येणार होतं. अहवाल, हिशेब, ऑडिटरची नेमणूक, सगळं झाल्यावर ते म्हणाले, "आता गच्ची मोबाईल टॉवरला द्यायचा ठराव. मंजूर ना?"

तीन-चार हात वर झाले.

वरच्या मजल्यावरच्या बाई उठल्या. पाथर्डीकडच्या, आई-बाप ऊसतोडीला जायचे, या शिकून नर्स झाल्या. एरवी सभेत तोंड न उघडणाऱ्या. "टावर माज्या डोक्यावर बसनार हाय. मला इचारलं का कुनी? नोटिशीत तर ह्यातलं काहीच न्हाई!"

"तुम्ही खाली बसा."

"न्हाई बसनार."

मीही उभी राहिले. "तहकूब सभेत विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. हा ठराव मी लिहिणार नाही."

"मग सेक्रेटरीपद सोडा!"

"सोडणार नाही. हवं तर रीतसर नोटीस काढून विशेष सभा बोलवा."

इतिवृत्तात मी जसं घडलं तसं लिहिलं: दहा वाजता नऊ हजर, कोरमअभावी तहकूब, टॉवरचा विषय पत्रिकेवर नसल्याने घेतला नाही. चेअरमन सही करेनात. मी मसुदा तसाच सगळ्यांना वाटला आणि हरकती लेखी मागवल्या. पंधरा दिवसांत एकही आली नाही. कमिटीत मसुदा कायम झाला, तेव्हा त्यांनी मान वर न करता सही केली.

महिनाभरात त्यांनी विशेष सभा बोलावली. नोटीस मीच काढली, टॉवरचा विषय ठळक अक्षरात. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. एकोणीस जण आले. मतं मोजली: बाजूने सहा, विरोधात तेरा.

चेअरमन जाता जाता म्हणाले, "तुमच्या नियमांनीच हरवलंत."

"माझे नाहीत, साहेब," मी म्हटलं. "आपल्या सगळ्यांचे."