'माळा'चं गाळलेलं पान

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी एक कादंबरी शिकवायचे. तिचं नाव 'माळा'. नवऱ्यानं टाकलेली एक बाई भावाच्या घरी राहते, शहरात. भावाची पोरं वाढवते, दुखणी काढते, कुलपांच्या किल्ल्या सांभाळते आणि रात्री स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर जाऊन झोपते. शेवटी भाऊ घर विकतो. बाई खाली उतरते, किल्ल्या देते आणि निघते. गोष्ट एवढीच.

माझ्याकडं तिची जुनी आवृत्ती होती. तिच्यात अर्पणपत्रिकेनंतर एका पानावर दोनच ओळी होत्या, कुठल्याशा लोकगीतातल्या. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकणाऱ्या बाईला वाटसरू विचारतो, शेत कुणाचं? ती म्हणते, मला काय ठाऊक, मी नुसती राखते. पुढच्या पानापासून कादंबरी सुरू होते आणि तिच्यात शेत कुठंच येत नाही. एक कणीससुद्धा नाही.

माझं बालपण पाचोडकडचं. कणसात दाणा भरला की चार खांबांवर माळा उभा राहायचा आणि त्यावर कुणीतरी गोफण घेऊन बसायचं, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. पण माझ्या वर्गातली बहुतेक मुलं शहरातली. त्यांना माळा म्हटलं की जुन्या गाद्या ठेवायची जागा आठवायची. शिवाय त्यांच्या हातात होती नवी, अभ्यासक्रमासाठी काढलेली आवृत्ती. तिच्यात ते दोन ओळींचं पानच नव्हतं. त्याऐवजी एका मोठ्या प्राध्यापकांची लांबलचक प्रस्तावना होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की माळा म्हणजे कुटुंबातल्या नात्यांच्या मण्यांची माळा. बाजारातल्या गाईडनं तेच उचललं होतं. मी माझ्या प्रतीतलं पान झेरॉक्स करून वर्गात वाटलं.

ते पान हातात घेऊन एक मुलगी तास संपल्यावरही बसून राहिली. घरात दखनी उर्दू बोलणारी, शाळा मराठीतून झालेली. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. ती म्हणाली, "मॅडम, मला प्रकल्प ह्याच्यावरच करायचाय. नावावर आणि ह्या दोन ओळींवर."

"एवढ्यावर चाळीस पानं लिहिशील?"

"लिहिते. नाय झालं तर तुम्ही सांगा."

पहिला खर्डा तिनं आणला तो असा सुरू होत होता: शीर्षक हा साहित्यकृतीचा आरसा असतो. मी ती ओळ खोडली. तिचा चेहरा पडला.

"काय चुकलं, मॅडम?"

"चुकलं काही नाही. पण हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटतं. आपल्याला ह्याच पुस्तकाचं वाक्य पाहिजे. माळा हा शब्द कादंबरीत कुठं कुठं येतो, ते आधी शोध. कोण उच्चारतं, कुणाला उद्देशून, त्या वेळी काय चाललेलं असतं. पहिल्यांदा नाव वाचलं तेव्हा काय वाटलं आणि शेवटचं पान मिटल्यावर काय वाटतं, ह्या दोन्हींतलं अंतर लिही. अवतरणाचंही तसंच. त्याचा अर्थ सांगून मोकळी होऊ नकोस. ते तिथं नसतं तर कादंबरीतला कुठला प्रसंग आपण वेगळा वाचला असता, तो प्रसंग दाखव."

"म्हणजे ते पान काढून बघायचं?"

"हो. काढून बघ, मग परत ठेवून बघ."

ती महिनाभर तेच करत होती. अधूनमधून विभागात यायची, मी तासिका तत्त्वावरची, माझी स्वतःची खुर्ची नव्हती, म्हणून आम्ही ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसायचो. एक दिवस ती आली ती जवळजवळ पळतच.

"मॅडम, ती बाई आख्ख्या कादंबरीत माळा म्हणतच नाही! भाऊ म्हणतो, भावजय म्हणते, पोरं म्हणतात. 'आत्या माळ्यावर गेली.' ती स्वतः नुसतं 'वर' म्हणते."

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच तसं होतं. इतकी वर्षं शिकवून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "घर कुणाचं, मालक कोण, असं तिला तिघं-चौघं विचारतात. मीटरवाला, पाहुणे, शेवटी घर घेणारा. दर वेळी दुसरंच कुणीतरी मधे बोलतं. तिला उत्तर देऊच देत नाहीत. ती उत्तर देते ते फक्त ह्या दोन ओळींत. गोष्ट सुरू व्हायच्या आधी. गोष्टीच्या बाहेर. मॅडम, लेखकानं तिचं बोलणं मुद्दाम दाराबाहेर ठेवलंय."

 मी म्हटलं, "हे आत्ता म्हणालीस तसंच लिही. एक शब्द सजवू नकोस."

तिनं तसंच लिहिलं. सुरुवातीला दोन्ही आवृत्त्यांतला फरक साध्या भाषेत नोंदवला, पान संदर्भासहित जोडलं, आणि लोकगीताचं मूळ आपल्याला सापडलं नाही, हेही कबूल केलं. मग नावाचे दोन अर्थ मांडले. अवतरणाशिवाय माळा ही नुसती झोपायची जागा राहते आणि वाचकाला बाईची कीव येते. अवतरणासकट तीच जागा पहाऱ्याची होते, आणि मग प्रश्न उभा राहतो की हा पहारा कुणासाठी. किल्ल्या देण्याचा प्रसंग तिनं दोन्ही तऱ्हांनी वाचून दाखवला होता. प्रस्तावनेतल्या मण्यांच्या माळेबद्दल एक परिच्छेद होता, अगदी अदबीनं लिहिलेला. असा अर्थ शब्दाला असू शकतो, पण कादंबरीत त्याला आधार देणारं एकही वाक्य सापडत नाही, एवढंच.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. तेच, प्रस्तावना लिहिणारे. विभागप्रमुखांनी त्यांना स्टेशनवरून आणलं होतं, शाल-श्रीफळ दिलं होतं. मी कोपऱ्यात बसले होते.

त्यांनी तिचा प्रकल्प उलटसुलट चाळला. "कादंबरीत शेत कुठं आहे?"

"कादंबरीत नाहीए सर. अवतरणात आहे."

"कुठलं अवतरण?"

तिनं झेरॉक्स पुढं केली. त्यांनी ती हातात घेतलीच नाही. नवी आवृत्ती उघडून तिच्यासमोर धरली. "नेमलेलं पुस्तक हे आहे. ह्यात दाखवा."

"ह्यात छापलेलं नाही सर. जुन्यात आहे. मी पान क्रमांक—"

"नेमलेल्या पुस्तकात जे नाही त्यावर तुम्ही चाळीस पानं लिहिली. ह्याला संशोधन म्हणत नाहीत, कल्पनाविलास म्हणतात." मग जरा थांबून, हसून, "मराठी घरची भाषा नाही ना तुमची? मग शब्दांच्या अशा छटा जरा अवघड जातात."

ती पांढरी पडली. मी उभी राहिले. "सर, माझ्याकडं मूळ प्रत आहे. आत्ता दाखवते."

विभागप्रमुख माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, बसा. परीक्षा चाललीय."

मूळ प्रत माझ्या पिशवीतच होती. ती बाहेर काढून मी टेबलावर ठेवली, उघडून, त्या पानावर. परीक्षकांनी चहाचा कप त्या उघड्या पानावरून पलीकडं सरकवला आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

ती पास झाली, काठावर. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी लागतात तेवढे गुण एकूण बेरजेत झाले नाहीत. मी अर्ज केला. उत्तर आलं की तोंडी परीक्षेचं पुनर्मूल्यांकन होत नाही. विभागप्रमुखांना भेटले, तर ते म्हणाले, "तुमचं बरोबर असेल हो. पण अभ्यास मंडळावर ते आहेत. पुढच्या वर्षी तुमचेच तास मला मंजूर करून घ्यायचेत." ह्यात धमकी नव्हती. त्यांना ते खरंच समजावून सांगितल्यासारखं वाटत होतं.

मग मी प्रकाशकाला फोन केला. फोनवरचा माणूस भला होता. त्यानं जुनी फाईल काढून सगळं सांगितलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, एक पान वाढलं तरी अख्खा फर्मा वाढतो, म्हणून ते ठरल्या फर्म्यांतच बसवायचं होतं. प्रस्तावना ठरल्यापेक्षा वाढली. सरांना छोटी करा म्हटलं, तर ते नाही म्हणाले. मग मागची-पुढची पानं कमी केली. "ते दोन ओळींचं पान होतं ना, ते काढायला सरांनीच सांगितलं. त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही म्हणाले."

"लेखकाला विचारलंत?"

"लेखक वारले की, मॅडम. त्यांच्या मुलांनी सही दिली. त्यांनी पुस्तक वाचलेलं नसावं."

म्हणजे परीक्षकांना ते पान माहीत होतं. परीक्षेत "कुठलं अवतरण" असं विचारताना माहीत होतं. मी फोन ठेवला. राग कुणाला सांगायचा हेच कळत नव्हतं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "दोन ओळींसाठी?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. क्रांती चौकातल्या एका हॉटेलात बसलो होतो. ती ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल, चिडेल. ती म्हणाली, "मॅडम, घरची भाषा नाही म्हणाले ना, तेवढंच डोक्यातून जात नाही. बाकीचं जाईल."

"तुझ्याइतकं बारीक कुणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

"व्हय. पण ते तुम्हाला माहिती, मला माहिती."

पुन्हा परीक्षा दे, विद्यापीठ बदल, मी पत्र देते, असं मी बरंच बोलले. तिनं प्रत्येकाला मान डोलावली. मग चिकलठाण्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. गेल्या दिवाळीनंतर भेटली तेव्हा टेबलावर बसून कामगारांच्या रजा नोंदवते म्हणाली. लिहितेस का, विचारलं. "नाय मॅडम. आता वाचायला बसले की आधी वाटतं, कुणीतरी विचारणार, हे कुठंय, दाखवा. मग पुस्तक ठेवून देते."

 तिची कंपनीची बस आली आणि ती गेली.

त्या परीक्षकांना त्याच सुमाराला समीक्षेसाठी एक पुरस्कार मिळाला. विभागानं अभिनंदनाचा फलक लावला. नवा अभ्यासक्रम आला आणि 'माळा' त्यातून निघाली, म्हणजे आता त्या कादंबरीच्या नावावर कुणाला काही लिहायचंच नाही. मी दुसरी कादंबरी शिकवते. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, नावाचा प्रश्न किती मार्कांना येतो?" मी मार्क सांगते आणि मग, त्यांना ऐकायचं असो वा नसो, नाव कसं वाचायचं ते पहिल्यापासून सगळं समजावून सांगते. बहुतेक जण तोवर वह्या मिटतात.