दहाचा गजर

बाबांच्या कंपवाताची गोळी दिवसातून चार वेळा असायची. सकाळी सहा, मग दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, की या गोळीला अर्ध्या तासाचीही ढिलाई चालत नाही. वेळ टळली की बाबांचं अंग लाकडासारखं व्हायचं. पाय उचलायचा म्हटलं तरी तो जमिनीला चिकटून राहायचा आणि आवाज इतका बारीक व्हायचा की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागायचा.

सहाची, दोनची आणि पुन्हा सहाची गोळी मी द्यायचे. दहाची मात्र मला देता येत नव्हती. मी सकाळच्या शाळेत शिकवते. पावणेसातला घर सोडायचं ते दीडला परत. वहिनी बँकेत, नऊलाच बाहेर पडायची. दादा घरीच असायचा, पण नऊ ते बारा त्याचा गणिताचा ऑनलाइन क्लास. बाबांच्या खोलीला लागूनच त्याची खोली, मध्ये नुसती फळ्यांची भिंत.

“दहाला दोन मिनिटं उठून गोळी देशील का?” मी त्याला सुरुवातीलाच विचारलं होतं.

“क्लास मधेच सोडून? मुलं तेवढ्यात निघून जातात. तुला काय कळणार,” तो म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी परत आले होते, आणि गंगेकाठी रामघाटावरच्या या घरात माझा आवाज किती चढवायचा हे मला कोणी न सांगता समजलं होतं.

मोबाइलचा गजर बाबांना बंद करता येत नसे. थरथरणारं बोट त्या काचेवर एका जागी ठरतच नव्हतं. मग मी कपाटातून त्यांचं जुनं चावीचं गजराचं घड्याळ काढलं. वर मोठं बटण, तळहातानं दाबलं तरी गजर थांबायचा. मागे दोन चाव्या, एक घड्याळाची, एक गजराची. रोज निघण्यापूर्वी मी दोन्ही चाव्या भरायचे, गजराचा छोटा काटा दहावर आहे ना ते बघायचे, वरचं बटण उचललेलं आहे ना ते बघायचे. गोळी पितळेच्या वाटीत, शेजारी पाण्याचा पेला. आंघोळीनंतर बाबांना डोळा लागायचा. दहाला गजर झाला की ते दचकून जागे व्हायचे, बटणावर हात मारायचे आणि गोळी घ्यायचे. पाच-सहा महिने हे बिनबोभाट चाललं.

बिनबोभाट म्हणजे माझ्या दृष्टीनं. दादाची कुरकुर चालूच होती. “भर क्लासात घंटा वाजते. मुलं विचारतात, सर, मंदिरात बसलात का?” मी म्हटलं, घड्याळाखाली टॉवेल घालते. घातलाही. त्याचं समाधान झालं नाही.

एका सोमवारी बारा वाजून गेल्यावर, शेवटच्या तासाला शिपाई वर्गात आला, घरून फोन आहे म्हणाला. फोनवर दादा.

“बाबा पडलेत. हात वाकडा दिसतोय. ये लवकर.” आणि मी काही विचारायच्या आत, “गोळी तशीच आहे वाटीत. तू गजर लावलाच नव्हतास.”

बाबा अकराच्या सुमारास कधीतरी लघवीला उठले होते. अंग आधीच आखडलेलं. दारापर्यंत पोचले आणि पडले. त्यांनी हाक मारली होती, पण ती हाक फळ्यांच्या पलीकडे गेली नाही, आणि पलीकडच्यानं कानाला हेडफोन लावलेला होता. क्लास संपवून दादा बाहेर आला तेव्हा ते दिसले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. दवाखान्यातही बाबांच्या उशाशी उभा राहून दादा मला तेच ऐकवत होता, गजर लावला नाहीस म्हणून. दवाखान्याच्या बाकावर वहिनी दादाला म्हणाली, “घाईत राहिलं असेल तिच्याकडून.” ती बाजू घेत होती की आरोप पक्का करत होती, कोण जाणे. मी मात्र तिथे बसून सकाळ पुन्हा पुन्हा आठवत होते. चावी भरली होती. काटा बघितला होता. बटण उचललेलं होतं. पण हे आजचं आठवतंय की कालचं? रोजचीच हालचाल असली की एक दिवस दुसऱ्यात मिसळून जातो. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली, की मीच विसरले असणार.

ती रात्र मी बाबांच्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघत काढली. सकाळी शाळेत सुट्टी कळवली आणि घड्याळ हातात घेतलं. काटे बरोबर चालत होते, टिकटिक नेहमीची. गजराचा काटा दहावरच होता, म्हणजे तो तरी मी हलवला नव्हता. साडेआठ वाजत आले होते. मागची गुंडी बाणाच्या दिशेनं फिरवत मी काटा साडेआठच्या जवळ आणला. गजराची चावी भरली, बटण उचललं आणि घड्याळ कानाशी धरून बसले.

साडेआठला दोन-तीन मिनिटं असताना आत ‘टक्’ झालं. मग खर्र असा कोरडा आवाज. घंटा नाही. मी घड्याळ उलटं केलं, तर गजराची चावी आपोआप मागे फिरत होती. म्हणजे स्प्रिंग सुटत होती, आत काहीतरी थरथरतही होतं, फक्त ठोका पडत नव्हता. मी विसरले नव्हते. सोमवारी दहा वाजताही हे घड्याळ असंच खरखरलं असणार, आणि बाबा झोपून राहिले असणार.

बाबांना दहाची गोळी देऊन मी ते पिशवीत घातलं आणि चौकातल्या घड्याळजीकडे गेले. साठीचा माणूस, एका डोळ्याला भिंग, दुकान एवढंसं की तो आत बसला की दुसऱ्यानं उभं राहायचं. मी सगळं सांगितलं. त्यानं आधी बटण तपासलं, मग माझ्यासारखाच काटा फिरवून गजर सोडून बघितला, मान हलवली. चाव्या उलट्या फिरवून काढल्या, गुंड्या ओढून काढल्या आणि मागचं झाकण उचकटलं. घंटा त्या झाकणालाच आतून बसवलेली होती. त्यानं चिमट्याची टोकं एका बारीक दांडीवर ठेवली. तिच्या टोकाला वाटाण्याएवढा लोखंडी गोळा होता.

“यही हथौड़ी है. इसको घंटी के पास रहना चाहिए. देखिए, कहाँ मुँह किए है.”

दांडी आत वळलेली होती, चाकांच्या बाजूला. गोळा कितीही थरथरला असता तरी घंटेपर्यंत पोचला नसता.

“गिरने से हो गया होगा?” मी विचारलं.

त्यानं भिंग काढून माझ्या हातात दिलं. दांडीवर, बरोबर वाकली होती तिथे, दोन्ही बाजूंना बारीक चकचकीत खाचा होत्या.

“बहिनजी, ई अपने से नहीं मुड़ा है. पिलास लगा है. ताजा है.”

मग तो कामाला लागला. दांडी थोडी थोडी बाहेर ओढायची, झाकण बसवायचं, गजर सोडून ऐकायचं, पुन्हा उघडायचं. पहिल्यांदा गोळा घंटेला टेकूनच राहिला, तेव्हा नुसता भणभणाट आला. “टिकना नहीं चाहिए,” तो म्हणाला, “जरा-सा दूर रहे, झटके से जाकर लगे, तब बोलेगी.” तिसऱ्या खेपेला घंटा खणखणीत वाजली. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली. मला रडू आलं, आणि घड्याळजीनं खाली मान घालून उगाच हत्यारं पुसायला घेतली.

पिलास म्हणजे पक्कड, आणि ती आमच्या घरात एकच होती. दादाच्या टेबलाच्या खणात.

बाराला त्याचा क्लास संपल्यावर मी घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं आणि घड्याळजी काय म्हणाला ते सांगितलं. मला वाटलं होतं तो नाकबूल होईल. तो नाकबूल झाला नाही.

“रविवारी जरा आवाज कमी करायला गेलो,” तो म्हणाला. “बंद नव्हता करायचा मला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू तमाशा केला असतास. करतेच आहेस.”

“तू फोनवर म्हणालास, मी गजर लावला नाही. तुला माहीत होतं.”

“मला काय माहीत होतं? वाजला नाही एवढं माहीत होतं.” आणि मग आवाज उतरवून, “झालं ते झालं. हाड जुळेल. बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना त्रास होईल.”

तरी मी सांगितलं. दुपारी दोनची गोळी देताना, पलंगाच्या कडेला बसून. गोळी लागू पडायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबले आणि मग सगळं सांगितलं, खाचांपर्यंत. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर नवं काही ऐकल्याचं दिसेना. कंपवातात चेहरा तसाही थिजतो. मी ते त्याच्यावरच ढकललं असतं.

“मी बघत होतो,” ते म्हणाले. “रविवारी. खिडकीत बसून उघडलं त्यानं. तेल घालतो म्हणाला.”

“आणि पक्कड?”

“तीही बघितली.”

“काल दवाखान्यात तो मला बोलत होता, तेव्हा तुम्ही जागे होतात, बाबा.”

त्यांनी डोळे मिटले. मग त्या बारीक आवाजात म्हणाले, “मला त्याच्याजवळ राहायचंय. खांदा त्यानं द्यायचा, मणिकर्णिकेवर अग्नी त्यानं द्यायचा. त्याला दुखवून कसं चालेल?”

“आणि मला?”

“तू काय, तू समजून घेतेस.”

मी उठले. पेला विसळला, वाटी पुसली. मुलीही आता मणिकर्णिकेवर जातात, अग्नी देतात, हे ओठांवर आलं होतं, पण ते कोणाला सांगायचं? मरणाचा विचार त्यांनी मुलाच्या नावे करून ठेवला होता. रोजचं जगणं तेवढं माझ्याकडे होतं.

हाड वाकडंच जुळलं. डावा हात, म्हणून निभावलं असं सगळे म्हणतात. दादानं क्लाससाठी गल्लीच्या तोंडाशी एक खोली भाड्यानं घेतली. इथे कामात व्यत्यय येतो, असं त्यानं वहिनीच्या माहेरी सांगितलं. दहाला घर रिकामं राहू लागलं, तेव्हा मी सकाळची शाळा सोडली आणि दुपारी शिकवण्या सुरू केल्या. बाबांशी मी दोन-तीन महिने गोळ्या आणि जेवण यापलीकडे बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. पुढे पुन्हा बोलू लागले, कारण एका खोलीत चोवीस तास राग धरून बसणं माझ्याच्यानं झालं नाही. राग गेला असं मात्र नाही.

मागच्या महिन्यात पुण्याहून बाबांचे चुलतभाऊ गंगास्नानाला आले होते. मी पोहे करून दिले. बाबांना भरवत होते, तेव्हा काकांनी विचारलं, “तुझं सगळं बघतं कोण इथे?”

बाबांनी घास गिळला. मग म्हणाले, “मुलगा आहे ना माझा. त्याच्या जिवावर चाललंय.”

काकांनी समाधानानं मान डोलावली. मी पुढचा चमचा भरला.