डोंग्याची तीस सेकंदं

पुनम नैताम मूलला राहते आणि रोज बसने चंद्रपूरला जाते. तिथे एका किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्यांत प्रवीणचं मोबाइल गेमचं छोटंसं ऑफिस आहे. आधी सात वर्षं ती वडसाच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. पडद्याआड बसून नटांना वाक्यं पुरवायची. मागच्या पोळ्यानंतर चारच दिवसांनी तिचा नवरा अंकुश मोटारसायकलच्या अपघातात गेला. दौऱ्यावर जाणं तिने सोडलं आणि प्रवीणकडे लिहिण्याचं काम धरलं. ती रडली नाही. लोकांनी दोनदा विचारलं, मग विचारणं बंद केलं. आतून सगळं झोपल्यासारखं झालं होतं, बसल्या जागी पाय बधिर होतो तसं.

प्रवीणच्या नव्या गेमचं नाव ‘डोंगा’. डोंगा म्हणजे लहान होडी. पुरात वैनगंगेवरून ती हाकायची, वाहून येणारी लाकडं चुकवायची, पैलतीरी अडकलेल्या माणसांना आणायचं. त्याचा ट्रेलर तीस सेकंदांचा हवा होता. पहिला प्रवीणने स्वतःच लिहिला होता. सुरुवातीपासून धडाधड दृश्यं, धडाधड ढोल. ज्यांना दाखवला त्यांतले बरेच जण पाच सेकंदांत पुढे सरकले.

“पुनमताई, एवढा जोर लावला, तरी लोकं काऊन पाहून नाई राह्यले?” त्याने विचारलं.

“पहिल्यापासूनच ओरडलं तं पुढं कुठी चढायचं, भाऊ?”

तिने कागदावर पंधरा चौकटी आखल्या. संगीताची गती मिनिटाला एकशेवीस ठोके; म्हणजे ठोका अर्ध्या सेकंदाचा, चार ठोक्यांची चौकट दोन सेकंदांची. पहिल्या दोन चौकटींत फक्त डोंगा, वल्ह्याचा आवाज आणि समोरून येणारं एक मोठं झाड. पुढच्या पाच चौकटींत खेळाची खरी दृश्यं, चौकटीला एक. मग सहा चौकटी पाठलाग. आधी दोन ठोक्यांना दृश्य बदलायचं, शेवटी प्रत्येक ठोक्याला. मग एक चौकट पूर्ण शांत, पडदा काळा. आणि शेवटच्या एका चौकटीत दणक्यासोबत नाव: डोंगा.

पडदा उघडण्याआधी ऑर्गन थांबला की मांडवातली खुसुरफुसुर आपोआप बंद होते, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. शांत चौकट तिथून आली.

ऑफिसात संगीताचं काम बघणाऱ्या कोलूने ढोल वाजवला, प्रवीणने दृश्यं जोडली. पहिल्यांदा लावलं तेव्हा काळ्या पडद्यावर ऑफिसातले तिघंही श्वास रोखून बसले. दणका झाला तसा कोलू खुर्चीवरून उठलाच. “काटा आला ना बे!” पुनमने आपल्या हातांकडे पाहिलं. हात होते तसेच होते. हिशेब बरोबर आला, एवढंच तिला वाटलं.

रविवारी सासू शकुबाई अंगणात तांदूळ निवडत होती. दोघींत दिवसाला चार-पाच वाक्यं व्हायची, तीही भाजीची. पुनमने ट्रेलरची लिंक सासूच्या मोबाइलवर पाठवली होती. ज्या ॲपवर तो जाहिरात म्हणून दाखवायचा होता, त्यातच प्रवीणने तो तपासायला ठेवला होता. शकुबाईने आवाज बंद ठेवूनच पाहिला.

“बरा हाये. पण नाव काय याचं?”

“शेवटी येते ना, आई.”

“कुठी? तिथी तं बटन हाये.”

पुनमने फोन घेतला. खरंच. खालच्या भागावर ‘इन्स्टॉल करा’चं बटण येत होतं, आणि नाव त्याच्याखाली अर्धं झाकलं जात होतं. ऑफिसच्या संगणकावर हे बटण नव्हतंच. तिने दृश्य थांबवून बोटाने दाखवलं. शकुबाई डोळे बारीक करून वाचायला लागली, “डों... गा.” तिला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी पुनमने सांगितलं, “नाव वरच्या भागात घ्या. आणि पाठलागाची एक चौकट काढून नावाला द्या. चार सेकंद पायजे.”

“भोवऱ्यातली उडी जाईल!” प्रवीण म्हणाला. त्या दृश्यावर त्याने तीन आठवडे घालवले होते.

“जाऊ द्या. उडी पाहिली अन् नावच नाई समजलं, तं लोकं शोधतील काय?”

त्याने उडी पुन्हा एकदा लावून पाहिली. मग त्याने ती चौकट काढली.

नवा ट्रेलर लोक शेवटपर्यंत पाहू लागले, गेमही उतरवून घेऊ लागले. प्रवीणने पुनमला पुढचं काम दिलं, जंगलातल्या कोड्यांचा एक गेम.

त्या आठवड्यात शेजारची बुधरी आली, तेव्हा शकुबाईने स्वतःहून फोन काढला. “आमच्या पुनमनं लिवला. थांब, शेवटाले नाव येते, ते वाच.” मग थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता, “अंकुशनं पाह्यलं असतं तं गावभर दाखवलं असतं.”

“हो,” पुनम म्हणाली. त्याचं नाव घरात कितीतरी महिन्यांनी उच्चारलं गेलं होतं. काही दाटून येईल म्हणून ती क्षणभर उभी राहिली. काही आलं नाही. ती बुधरीशेजारी बसली आणि शकुबाईने ट्रेलर पुन्हा लावला.