नमस्कार करून पुढे

आमच्या चंद्रपूरच्या प्रशिक्षण संस्थेत मुलांना नोकरीला लावणं हे माझं काम. बल्लारपूरकडच्या एका कारखान्याला वीजतंत्री हवे होते. त्यांनी सांगितलं, आम्हाला एकच तक्ता पाठवा: नाव, कौशल्य, अनुभव. संध्याकाळपर्यंत. मेलमध्ये बायोडाट्यांच्या पीडीएफचा ढीग पडलेला, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. हे उघडून वाचत बसायचं म्हणजे माझं डोकं फिरणार, हे घरच्यांनाही माहीत आहे.

संगणक शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मी प्रोग्राम लिहिते. पानावर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात जे असेल ते नाव. कौशल्य या मथळ्याखालचं ते कौशल्य. सर्वांत जुन्या सालापासून आजपर्यंत तो अनुभव. आणि बरेच जण दोनदोनदा अर्ज पाठवतात, म्हणून एका नावाचे दोन आले तर एकच ठेवायचा. मला तर एकदम पटलं.

चहा येईपर्यंत तक्ता तयार. पहिल्याच उमेदवाराचं नाव होतं ‘श्री गणेशाय नमः’. त्याच्या खाली ‘जय सेवा’. त्याच्या खाली ‘नमो बुद्धाय’. एकाचा अनुभव त्याच्या वयाइतकाच, कारण प्रोग्रामने जन्मसालच धरलं होतं. एकाचं कौशल्य ‘मोटर दुरुस्ती आईचे नाव’. पान दोन रकान्यांचं होतं आणि मशीन डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेलं होतं. मोबाइलवर बायोडाट्याचा फोटो काढून पाठवलेल्यांचे रकाने कोरेच. त्या चित्रात मशीनला वाचायला अक्षरच नव्हतं.

दोष मशीनचा नव्हता. आमच्याकडे बायोडाटा बनवतो तो चौकातला झेरॉक्सवाला, आणि त्याच्याकडे साचा एकच, लग्नाचा. वर देवाचं नाव, खाली उंची, रंग, मामाचं गाव. नोकरीसाठी तो फक्त मामाचं गाव काढतो, तेही आठवलं तर. मला त्याचा इतका राग आला की मी दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यालो.

तेवढ्यात धानोऱ्याहून पहिल्या बसने निघालेली एक मुलगी दारात उभी राहिली. भातगिरणीत पाच वर्षं मोटरी आणि पॅनल सांभाळले होते, पण गिरणी बंद पडली होती. वडील आजारी, घरी कमावणारं दुसरं कोणी नाही. आज यादी गेली की पुढची भरती कधी, कोणालाच ठाऊक नव्हतं.

“सर, माहं नाव काऊन नाई यादीत?” तिनं पडद्यावरचा तक्ता बघून विचारलं. “मी तर अर्ज केला हाये.”

मॅडमनी तिची पीडीएफ उघडली. वर ठसठशीत ‘नमो बुद्धाय’. त्या नावाचे अर्ज पुष्कळ आले होते, आणि प्रोग्रामने त्यातला एकच ठेवून बाकी सगळे गाळले होते. गाळलेल्यांत ही होती.

मी म्हणालो, “ती वरची ओळ काढ आणि परत पाठव. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नाई काढत, सर.”

“अगं, नोकरी जाईल.”

“बाबा कोनताबी कागद त्याच्याबिगर सुरू करत नाईत. मले अक्षर शिकवलं तेव्हा पयली ओळ तीच लिहायला लावली. मशीनले शिकवा ना तुम्ही.”

मला चिडायचं होतं, पण चिडता येईना.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. देवाधर्माच्या ओळींची यादी केली आणि त्यांच्या नंतरच्या मोठ्या ओळीत नाव शोधायला सांगितलं. पानावर कुठला शब्द कुठे आहे ते बघून डावा रकाना आधी, उजवा नंतर. जन्माचं साल सोडून फक्त नोकरीची सालं मोजायची. नाव आणि मोबाइल, दोन्ही जुळले तरच अर्ज दुहेरी. फोटोवाले आम्ही दोघांनी हाताने टाइप केले.

“त्या यादीला काय नाव दिलंत?” मी विचारलं. “गाळायच्या ओळी?”

“गाळू नका, मॅडम,” मुलगी म्हणाली. “नमस्कार करून समोर जा म्हना त्याले.”

मॅडमनी यादीचं नाव ‘नमस्कार’ ठेवलं. यावेळी तक्त्यात मुलीचं स्वतःचं नाव उतरलं, आणि पुढे अनुभव, पाच वर्षं. दिवस मावळायच्या आत तक्ता कारखान्याला गेला.

महिन्याभराने तिचा फोन आला. ती कामावर लागली होती. हसत होती.

“सर, इथी कारखान्यात पुन्हा बायोडाटा मागला होता. यायच्या मशीननं ओळखपत्रावर ‘नमो बुद्धाय’च छापलं. दुसरं करून देल्लं त्यायनं.”

“मग पहिलं परत केलंस?”

“नाई. मांगून घेतलं. बाबाच्या उशाशी ठेवलं हाये. फोटो माहा, नाव ते. कोनी आलं की दाखवतेत.”

मी नुसतं बरं म्हणालो आणि फोन मॅडमकडे दिला.